सेटलमेंट ‘प्रोसेस्ड’, खात्यात मात्र काहीच नाही

कराडला आमचं भांड्यांचं दुकान आहे. सासऱ्यांनी सुरू केलं, आता मी बघते. लग्नसराईत रुखवताची भांडी, तांब्या-पितळेच्या घागरी, समया, स्टीलचे डबे असा माल जातो आणि घेतलेल्या भांड्यांवर नावं घालून द्यायचं मशीन सकाळपासून सुरू असतं. अलीकडे बरंचसं गिऱ्हाईक क्यूआर स्कॅन करतं, मोठी खरेदी असली की कार्ड पुढे करतं. हे दोन्ही पैसे एका पेमेंट कंपनीमार्फत येतात. आज दिवसभरात जमलेली रक्कम उद्या आमच्या चालू खात्यात जमा होते, म्हणजेच सेटलमेंट होते. गेल्या डिसेंबरात ऐन सीझनमध्ये ती यायची थांबली. भाईंदरच्या व्यापाऱ्याला दिलेला चेक तोंडावर आला होता. त्या वेळी कंपनीला मी जो मेल लिहिला, त्यावर काय झालं आणि तो तसाच का लिहावा लागला, हे इथे सांगते. आमच्या बाजारपेठेत इतर दुकानदारांनाही हेच सोसावं लागलेलं मी पाहिलंय आणि बहुतेक जण “पैसे आले नाहीत, लवकर टाका” एवढंच लिहून वाट बघत बसतात.

सुरुवातीला मी हेल्पलाइनला फोन केला. तिकडच्या मुलानं एका व्यवहाराचा बारा अंकी नंबर विचारला. मी स्लिपवरचा वाचून दाखवला. “मॅडम, हे ट्रान्झॅक्शन सक्सेसफुल आहे,” तो म्हणाला. ते खरंच होतं, पण माझा प्रश्न तो नव्हता. तो बारा अंकी नंबर, म्हणजे आरआरएन, गिऱ्हाइकाच्या खात्यातून पैसे निघाले की नाही एवढंच सांगतो. कंपनीकडे जमलेल्या दिवसभराच्या पैशांतून फी वजा करून उरलेली रक्कम ती माझ्या बँकेकडे पाठवते. तो वेगळा व्यवहार आणि त्याचा नंबरही वेगळा. त्याला यूटीआर म्हणतात. एनईएफटीनं पाठवलेल्या पैशांचा यूटीआर सोळा अक्षरांचा असतो, त्यात अक्षरं आणि अंक दोन्ही असतात. आरआरएन देऊन सेटलमेंटची चौकशी केली की उत्तर नेहमी ‘सक्सेसफुल’ येणार, कारण गिऱ्हाइकाकडून पैसे खरोखरच गेलेले असतात. हा घोळ लक्षात येईपर्यंत निम्मा दिवस फोनवरच गेला.

मग मी कंपनीच्या ॲपमध्ये सेटलमेंटचा अहवाल उघडला आणि बँकेच्या स्टेटमेंटशी एकेक ओळ जुळवली. दुकानातली विक्रीची रक्कम बँकेत शोधायला गेलं तर ती सापडत नाही, कारण कार्डाची फी आधीच कापलेली असते. यूपीआयवर आम्हाला फी लागत नाही. क्रेडिट कार्डावर आमच्या करारात दोन टक्के आहे आणि त्या फीवर 18 टक्के जीएसटी. म्हणजे नऊ हजारांची खरेदी कार्डानं झाली तर 180 रुपये फी, त्यावर 32 रुपये 40 पैसे कर, आणि हातात 8,787 रुपये 60 पैसे. पासबुकात शोधायची ती ही निव्वळ रक्कम, आणि तीही त्या दिवशीच्या यूपीआयच्या पैशांत मिळवलेली. तशी शोधूनही ती खात्यात नव्हती, तेव्हा पैसे खरंच आलेले नाहीत याची खात्री पटली.

ॲपमध्ये मात्र एक गोष्ट खटकली. अडकलेल्या चार दिवसांपैकी पहिल्या दोन दिवसांपुढे ‘प्रोसेस्ड’ लिहिलेलं होतं आणि यूटीआरही होता. पुढच्या दोन दिवसांपुढे ‘होल्ड’ होतं आणि यूटीआरची जागा रिकामी होती. म्हणजे “पैसे आले नाहीत” हे चारही दिवसांना सारखंच लागू असलं तरी दुखणी दोन होती. पहिले पैसे कंपनीनं पाठवले आणि ते वाटेत कुठेतरी गेले. दुसरे पाठवलेच नाहीत.

एवढ्यात सपोर्टकडून एक ठरावीक उत्तर आलं होतं: खात्यात नेहमीपेक्षा मोठा व्यवहार झाल्यामुळे जोखीम तपासणी सुरू आहे, पूर्ण होईपर्यंत थांबा. मोठा व्यवहार झाला होता हे खरं. 4 तारखेला संध्याकाळी मलकापूरचं एक कुटुंब मुलीच्या लग्नाची सगळी भांडी घेऊन गेलं आणि 86,000 रुपये एकाच वेळी कार्डानं स्वाइप केले. कंपन्या असे व्यवहार तपासतात आणि त्यात गैर काही नाही. चोरीचं कार्ड असलं आणि कार्डधारकानं नंतर तक्रार केली, तर ते पैसे परत द्यावे लागतात. पण माझे पैसे त्या संध्याकाळच्या आधीच थांबले होते. 2 आणि 3 तारखेच्या विक्रीचे पैसेही आलेले नव्हते. 4 तारखेच्या संध्याकाळी झालेल्या गोष्टीमुळे 3 तारखेला सकाळी यायचे पैसे कसे अडकतील? हे फोनवर सांगून कुणाला पटत नव्हतं. तारखांपुढे तारखा मांडल्या की समोरच्याला ते टाळता येत नाही, म्हणून मेल लिहायचं ठरवलं.

मेल मी आधी मराठीत लिहून काढला, मग पुतणीनं त्याचं इंग्रजी केलं. मजकूर असा होता:

“विषय: 2 ते 5 डिसेंबरच्या विक्रीचे सेटलमेंट जमा नाही, एकूण 1,53,690 रुपये

महोदय,

आमचा मर्चंट आयडी आणि नोंदणीकृत मोबाईल नंबर खाली दिला आहे. चालू खात्याचे शेवटचे चार अंक सोबत आहेत. करारानुसार आमचे सेटलमेंट विक्रीच्या दुसऱ्या दिवशी होते. 1 डिसेंबरच्या विक्रीचे पैसे 2 तारखेला व्यवस्थित जमा झाले. त्यानंतरची स्थिती अशी:

2 डिसेंबर: विक्री 23,200. फी व कर 212.40. निव्वळ 22,987.60. ॲपमध्ये प्रोसेस्ड, यूटीआर आहे. बँकेत जमा नाही.
3 डिसेंबर: विक्री 11,650, सर्व यूपीआय. निव्वळ 11,650. ॲपमध्ये प्रोसेस्ड, यूटीआर आहे. बँकेत जमा नाही.
4 डिसेंबर: विक्री 1,03,300. फी व कर 2,029.60. निव्वळ 1,01,270.40. ॲपमध्ये होल्ड, यूटीआर नाही.
5 डिसेंबर: विक्री 17,900. फी व कर 118. निव्वळ 17,782. ॲपमध्ये होल्ड, यूटीआर नाही.

मोठ्या व्यवहारामुळे तपासणी सुरू असल्याचे आपल्या उत्तरात म्हटले आहे. तो व्यवहार 4 तारखेला संध्याकाळी झाला. 2 आणि 3 तारखेचे सेटलमेंट त्याआधीच अडकले आहे. तेव्हा कारण दुसरे असावे.

कृपया तीन गोष्टी लेखी कळवाव्यात. पहिली, वरील दोन यूटीआरची रक्कम आमच्या बँकेने स्वीकारली की परत पाठवली, आणि परत पाठवली असल्यास कोणत्या कारणाने? दुसरी, ही रक्कम कोणत्या आयएफएससीवर आणि कोणत्या शेवटच्या चार अंकांच्या खात्यावर पाठवली होती? तिसरी, 4 आणि 5 तारखेचे पैसे कोणत्या कारणाने होल्डवर आहेत आणि ते सोडण्यासाठी आमच्याकडून नेमका कोणता कागद हवा आहे?

4 तारखेच्या मोठ्या विक्रीचे जीएसटी बिल व कार्ड स्लिप सोबत जोडली आहे. 2 ते 6 डिसेंबरचे बँक स्टेटमेंटही जोडले आहे.”

खाली माझं नाव, दुकानाचं नाव आणि आधीच्या तक्रारीचा तिकीट नंबर. पूर्ण खाते क्रमांक, कार्डाचा नंबर किंवा ओटीपी यातलं काही मी लिहिलं नाही. बिल आणि स्लिप न मागता जोडली, कारण तपासणी खरोखर चालू असेल तर ते पुढचं पत्र पाठवून हेच मागणार होते.

त्यातला दुसरा प्रश्न मी मुद्दाम घातला होता. आमची बँक छोटी सहकारी बँक होती आणि ती नुकतीच एका मोठ्या बँकेत विलीन झाली होती. नवा आयएफएससी आणि नवा खाते क्रमांक आम्हाला आधीच कळवला होता, आणि तो मी रद्द केलेल्या चेकच्या फोटोसकट नोव्हेंबरातच कंपनीच्या ॲपवर भरला होता. दोन दिवसांत पासबुकात कंपनीकडून एक रुपया जमा झालेला दिसला. नवीन खातं खरं आहे का हे तपासायला अशा कंपन्या एक रुपया टाकून बघतात. रुपया आला, म्हणजे खातं जुळलं असं कुणीही समजेल. शिवाय त्यानंतरही रोजचे पैसे नीट येत होते. पण पासबुकातल्या त्या नोंदींकडे पुन्हा नीट पाहिलं, तेव्हा रोजच्या सेटलमेंटच्या ओळीत जुन्याच शाखेचा कोड दिसत होता. विलीनीकरणानंतर काही काळ बँका जुन्या कोडवर आलेले पैसे नव्या खात्यात वळवत राहतात, आणि एक दिवस ते वळवणं बंद होतं. तो दिवस डिसेंबरच्या सुरुवातीला आला असेल, असा मला संशय होता.

मेल पाठवून मी हातावर हात ठेवून बसले नाही, दोन्ही यूटीआर घेऊन बँकेत गेले. काउंटरवर आधी “आमच्याकडे काही आलेलं नाही” असंच उत्तर मिळालं. शाखेच्या पडद्यावर फक्त खात्यात जमा झालेले व्यवहार दिसतात, परत गेलेले दिसत नाहीत. मी अधिकाऱ्यांना म्हटलं, “जमा झालेलं नका बघू, आतमध्ये येऊन रिटर्न गेलेलं बघा.” त्यांनी मुख्यालयाच्या एनईएफटी विभागाला फोन लावला, यूटीआर एकेक अक्षर करून सांगितला आणि पाचेक मिनिटांनी फोन ठेवत म्हणाले, “ताई, दोन्ही आलेत आणि दोन्ही परत गेलेत. जुन्या नंबरवर आलेत, असं खातं आता सिस्टीममध्ये नाही.” मी ते कागदावर लिहून, शिक्का मारून मागितलं. त्यांनी दिलं, आणि त्याबद्दल मी त्यांची खरंच आभारी आहे, कारण पुढचं सगळं त्या कागदावरच उभं राहिलं.

एनईएफटी आता चोवीस तास, वर्षभर चालते; 16 डिसेंबर 2019 पासून तशी सोय आहे. दर अर्ध्या तासाला एक बॅच सुटते, आणि ज्या बँकेकडे पैसे गेले तिला ते खात्यात जमा करता आले नाहीत, तर बॅचनंतर दोन तासांत परत पाठवायचे असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. म्हणजे 3 तारखेला सकाळी निघालेले पैसे त्याच दिवशी कंपनीच्या खात्यावर परत पोचलेले असणार. ॲपमध्ये मात्र ‘प्रोसेस्ड’ तसंच राहिलं होतं. पैसे बाहेर पडले की तो शब्द येतो, परत आले की तो आपोआप बदलतोच असं नाही. दुकानदाराला तो शब्द वाचून वाटतं की चूक बँकेची आहे, बँकेच्या पडद्यावर काहीच नसतं म्हणून बँकेला वाटतं की चूक कंपनीची आहे, आणि आपण दोघांमध्ये चकरा मारत राहतो.

बँकेचा शिक्क्याचा कागद मी त्याच मेलच्या धाग्यावर पाठवला, नवीन तक्रार केली नाही. नवी तक्रार केली की नवा तिकीट नंबर पडतो आणि आधीचं सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागतं. शिवाय आता मी तो मेल कंपनीच्या नोडल अधिकाऱ्यालाही पाठवला. त्यांचा पत्ता कंपनीच्या वेबसाइटवर अगदी तळाशी, तक्रार निवारणाच्या पानावर होता. गिऱ्हाइकांचे पैसे गोळा करून दुकानदारांना पोचवणाऱ्या कंपन्यांना पेमेंट ॲग्रिगेटर म्हणतात. रिझर्व्ह बँकेनं 17 मार्च 2020 ला ऑनलाइन पेमेंट ॲग्रिगेटरसाठी जे नियम काढले, त्यात असा अधिकारी नेमायला सांगितलंय. 15 सप्टेंबर 2025 च्या निर्देशांत तर आमच्यासारख्या दुकानातल्या समोरासमोरच्या व्यवहारांचे ॲग्रिगेटरही आले आहेत. याच नियमांमुळे गिऱ्हाइकांचे पैसे कंपनीला स्वतःच्या पैशांत मिसळता येत नाहीत, बँकेतल्या वेगळ्या एस्क्रो खात्यात ठेवावे लागतात. हे वाचल्यावर माझा जीव थोडा भांड्यात पडला. पैसे बुडालेले नव्हते, ते त्या खात्यात परत येऊन पडले होते आणि कुणीतरी ते पुन्हा पाठवायला हवे होते.

दरम्यान आणखी पैसे त्याच वाटेनं अडकू नयेत म्हणून मी नव्या बँकेचा स्वतःचा क्यूआर काउंटरवर लावला आणि कार्ड मशीन बाजूला ठेवलं. कार्डाच्या दोन गिऱ्हाइकांना नाही म्हणावं लागलं, त्याचं वाईट वाटलं. भाईंदरच्या शेठना फोन करून खरी परिस्थिती सांगितली आणि बँकेच्या कागदाचा फोटो पाठवला. ते म्हणाले, “वहिनी, चेक पुढच्या आठवड्यात लावतो, काळजी करू नका.” सासऱ्यांच्या वेळेपासूनचा व्यवहार आहे म्हणून निभावलं. नव्यानं दुकान थाटलेल्या पोरापोरींना असं थांबणारा व्यापारी कुठून मिळायचा? त्यांचा चेक वटला नाही तर पहिल्याच सीझनला पत जाते.

एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. याच काळात शेजारच्या दुकानदारानं त्याच कंपनीचा हेल्पलाइन नंबर इंटरनेटवर शोधला आणि लागला तो भामट्याला. त्यानं “सेटलमेंट सोडवतो” म्हणत मोबाईलचा स्क्रीन दाखवणारं ॲप घ्यायला सांगितलं. सुदैवानं त्याचा मुलगा जवळ होता. नंबर घ्यायचा तो कंपनीच्या ॲपमधून किंवा मशीनवरच्या स्टिकरवरून. सेटलमेंट सोडवायला कुठल्याही खऱ्या माणसाला आपला पिन किंवा ओटीपी लागत नाही.

नोडल अधिकाऱ्याच्या कचेरीतून उत्तर आलं तेव्हा पहिल्यांदा कुणीतरी माझे तीन प्रश्न वाचून तिन्हींची उत्तरं दिली होती. दोन्ही यूटीआर परत आले होते, कारण ‘खाते अस्तित्वात नाही’. ते जुन्या आयएफएससीवर आणि जुन्या खाते क्रमांकावरच पाठवले गेले होते. लागोपाठ दोनदा पैसे परत आल्यावर त्यांच्या सिस्टीमनं पुढचं सेटलमेंट आपोआप रोखलं होतं. म्हणजे 4 आणि 5 तारखेच्या होल्डचाही मोठ्या व्यवहाराशी संबंध नव्हता.

मग नोव्हेंबरात भरलेल्या नव्या खात्याचं काय झालं? याचं उत्तर सगळ्यात महत्त्वाचं होतं. एक रुपया टाकला की बँकेकडून खातेदाराचं नावही परत येतं आणि ते कंपनी आपल्या नोंदीतल्या नावाशी ताडून बघते. आमच्या दुकानाचं नाव लांबलचक आहे. विलीनीकरणात खाती नव्या सिस्टीममध्ये नेताना ते शेवटी कापलं गेलं आणि ‘मेटल स्टोअर्स’ऐवजी ‘मेटल स्टो’ एवढंच राहिलं. पैसा पोचला, नाव जुळलं नाही, म्हणून अर्ज ‘माणसानं तपासायच्या’ रांगेत पडला आणि तिथेच राहिला. तोवर पैसे जुन्याच खात्यावर जात होते. हे कळवणारा संदेश मला आला नव्हता. ॲपमध्ये बँक खात्याच्या पानावर आत जाऊन पाहिल्यावर ‘पडताळणी प्रलंबित’ असं बारीक अक्षरात दिसत होतं. पैशांची वाट बदलायचा अर्ज अडकलाय ही गोष्ट फोन करून सांगण्याजोगी आहे, असं मी त्यांना स्पष्ट लिहिलं आणि ते आजही माझं ठाम मत आहे.

त्यांनी दोन कागद मागितले: बँकेच्या लेटरहेडवर दुकानाचं पूर्ण नाव, नवा खाते क्रमांक आणि मालकाचं नाव असलेलं पत्र, आणि उद्यम नोंदणीचं प्रमाणपत्र. बँकेनं पत्र दिलं आणि सिस्टीममधलं नावही दुरुस्त करायला घेतलं. कागद पाठवल्यावर कंपनीनं पुन्हा एक रुपया टाकला. या वेळी मी पासबुक बघून थांबले नाही, ॲपमध्ये ‘पडताळणी पूर्ण’ येईपर्यंत पाहिलं आणि तिथे नव्या खात्याचे शेवटचे चार अंक दिसतात का तेही ताडलं.

त्यानंतर पैसे आले ते चार वेगळ्या नोंदींत. परत गेलेल्या दोन सेटलमेंटला नवे यूटीआर मिळाले होते, म्हणून जुने नंबर लावून शोधले असते तर सापडले नसते. मी निव्वळ रकमा लावून पाहिल्या: 22,987.60, 11,650, 1,01,270.40 आणि 17,782. पैशापैसा जुळला. मग शेठना फोन केला आणि चेक लावायला सांगितला.

थांबलेल्या दिवसांचं व्याज आणि त्या काळातलं मशीनचं भाडं मी मागितलं आहे. भाडं पुढच्या बिलात वजा करून मिळालं. व्याजाबद्दल करारात तरतूद नाही असं त्यांचं उत्तर आलं. त्यावर मी लिहिलंय की 3 तारखेला परत आलेले पैसे मला कळवल्याशिवाय इतके दिवस तुमच्या एस्क्रोत का पडून राहिले, याचा खुलासा तरी लेखी द्या. तो धागा अजून उघडा आहे.